निकालाआधीची क्रियापदे : बदलापूर प्रकरणाच्या वार्तांकनाचा एक तपास

गेल्या वर्षभरात बदलापूर प्रकरणाच्या मराठी बातम्या मी पुन्हा एकदा सलग वाचून काढल्या. ज्या त्या दिवशी वाचलेली बातमी आणि वर्षानंतर एका बैठकीत वाचलेल्या शंभर बातम्या यांत फरक पडतो. रोजच्या वाचनात घटना दिसते, सलग वाचनात भाषा दिसू लागते. या वाचनात एक शब्द मला दोनदा अडला. तो शब्द म्हणजे ‘दोषी’. ऑगस्ट २०२४मध्ये तो शाळेतल्या एका कंत्राटी सफाई कामगाराला लावला गेला. जानेवारी २०२५मध्ये तोच शब्द पाच पोलिसांना लावला गेला. दोन्ही वेळा कोणत्याही न्यायालयाने कोणालाही दोषी ठरवलेले नव्हते.

पहिल्या वेळी तो शब्द वाचून ज्यांना समाधान वाटले त्यांतल्या अनेकांना दुसऱ्या वेळी तो अन्यायाचा वाटला. ज्यांना पहिल्या वेळी खटकला त्यांतल्या काहींनी दुसऱ्या वेळी तो स्वतःच आनंदाने वापरला. निकालापूर्वी निर्दोष मानण्याचे तत्त्व आपण आपल्या माणसासाठी राखून ठेवतो, असा याचा अर्थ होतो. म्हणून या लेखात एकाच प्रकरणाच्या दोन टोकांना एकच मोजपट्टी लावून पाहायची आहे.

आधी घटनाक्रम. ऑगस्ट २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात बदलापूरच्या एका शाळेतल्या शिशुवर्गातील दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पालकांनी केली. ती नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात त्यांना कित्येक तास ताटकळावे लागले. १६ ऑगस्टला गुन्हा नोंदला गेला आणि १७ ऑगस्टला शाळेतल्या कामगाराला अटक झाली. २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात दिवसभर रेल्वे रोखली गेली आणि त्यानंतर हे प्रकरण देशभर पोहोचले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवण्यातल्या दिरंगाईवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. विशेष तपास पथकाने सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कल्याणच्या विशेष न्यायालयात आरोपपत्र दाखल केले. काही दिवसांतच, २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी, दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी तळोजा कारागृहातून ठाण्याकडे नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून आरोपीचा मृत्यू झाला. मृत माणसावर खटला चालत नाही. त्यामुळे मुख्य आरोपाचा निकाल आता कधीच लागणार नाही.

या लेखात आरोपीचे, पोलिसांचे किंवा शाळेचे नाव नाही. पहिल्या दोघांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण येथील युक्तिवादाला त्यांची गरज नाही. शाळेचे नाव लिहायला कायद्यानेच मनाई आहे. त्याकडे पुढे येतो.

घड्याळ कधी सुरू होते?

न्यायालयाच्या अवमानाची भीती पत्रकारांना असते, पण तो कायदा नेमका कधी लागू होतो याची कल्पना फार थोड्यांना असते. १९७१च्या न्यायालय अवमान कायद्यातील कलम ३ सांगते की, प्रलंबित नसलेल्या कार्यवाहीबद्दल काही छापले तर त्या कलमापुरता तो अवमान ठरत नाही. मग फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ केव्हा होते? त्याच कलमाचे स्पष्टीकरण म्हणते, आरोपपत्र दाखल झाल्यावर, किंवा न्यायालयाने आरोपीविरुद्ध समन्स अथवा वॉरंट काढल्यावर.

हा नियम बदलापूरला लावून पाहा. अटक १७ ऑगस्टची. आरोपपत्र सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातले. मृत्यू २३ सप्टेंबरचा. आरोपपत्राची कसोटी अक्षरशः घेतली, तर सगळा गदारोळ ज्या महिन्यात झाला तो महिना कायद्याच्या घड्याळाबाहेर राहतो आणि आरोपीला या कायद्याचे संरक्षण मिळाले ते जेमतेम काही दिवस. मुलाखती, तर्क, आरोपीच्या स्वभावाची वर्णने, त्याच्या घरादाराची चित्रणे हे सगळे त्या आधीच उरकलेले होते.

ही पोकळी उच्च न्यायालयाच्या नजरेतून सुटलेली नाही. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो तमाशा मांडला, त्यावरच्या नीलेश नवलखा विरुद्ध भारत सरकार या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने म्हटले की, तपास सुरू असताना चालवलेली माध्यमी सुनावणी हीदेखील न्यायदानात हस्तक्षेप ठरू शकते. ‘न्यायदान’ ही संकल्पना प्रलंबित खटल्यापेक्षा मोठी आहे आणि न्यायाचा प्रवाह तपासापासूनच वाहू लागतो, असा त्यामागचा विचार आहे. म्हणजे ‘अजून आरोपपत्र नाही, तोवर काहीही लिहा’ ही पळवाट निदान महाराष्ट्रात तरी सुरक्षित राहिलेली नाही.

त्याच निकालात कोणत्या गोष्टी टाळाव्यात याची यादी आहे. आरोपीच्या चारित्र्याबद्दल लिहून त्याच्याविषयी पूर्वग्रह तयार करणे, साक्षीदारांच्या आणि पीडितांच्या मुलाखती घेणे, पोलिसांपुढच्या कबुलीला ठोस पुरावा म्हणून सादर करणे, ओळख पटवणे सोपे होईल असे आरोपीचे छायाचित्र छापणे, घटनेचे नाट्यरूपांतर करणे, दोषी-निर्दोष असा फैसला देऊन टाकणे. ही यादी हातात धरून ऑगस्ट २०२४च्या बातम्या वाचल्या, तर यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सापडते.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अवमानाचा कायदा वार्ताहराचा शत्रू नाही. कलम ४ न्यायालयीन कार्यवाहीच्या न्याय्य आणि अचूक वृत्ताला संरक्षण देते, तर कलम ५ निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवरील न्याय्य टीकेला. ‘अचूक’ म्हणजे जे झाले ते. ‘न्याय्य’ म्हणजे दोन्ही बाजूंनी जे झाले ते. सरकारी वकिलांचा युक्तिवाद चार परिच्छेद आणि बचावाचा एक ओळसुद्धा नाही, अशी बातमी अचूक असू शकते, पण न्याय्य नसते.

‘पोक्सोमध्ये तर दोषीच धरतात’

या प्रकरणावर कोणाशीही बोलताना एक आक्षेप हमखास येतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा आरोपीलाच निर्दोषत्व सिद्ध करायला सांगतो, मग निर्दोष मानण्याचे तत्त्व कसले? आक्षेप पोकळ नाही. कलम २९ खरोखरच सांगते की, ठरावीक गंभीर कलमांखाली खटला चालत असेल तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत विशेष न्यायालय आरोपीने गुन्हा केला असे गृहीत धरील.

पण या कलमाचे वाक्य सावकाश वाचले पाहिजे. गृहीत धरायचे कोणी? विशेष न्यायालयाने. केव्हा? खटला चालत असताना. शिवाय उच्च न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे की, हे गृहीतक आपोआप उभे राहत नाही. घटनेची मूलभूत तथ्ये आधी सरकार पक्षाने पुराव्यानिशी मांडावी लागतात, मगच ओझे आरोपीकडे सरकते. सरकल्यावरही त्याला उलटतपासणीची, स्वतःचे साक्षीदार आणण्याची, गृहीतक खोडून काढण्याची पूर्ण संधी असते. बातमीदाराला यातले काहीच करायचे नसते. तो पुरावा नोंदवत नाही, उलटतपासणी ऐकत नाही. न्यायालयाला एका विशिष्ट टप्प्यावर दिलेले हत्यार त्याने अटकेच्या दिवशीच उचलण्याला काही आधार नाही.

या प्रकरणात आरोपपत्र दाखल झाले, पण एकही साक्ष नोंदली गेली नाही. म्हणजे कलम २९चे गृहीतक ज्या पायावर उभे राहते तो पायाच घातला गेला नव्हता.

एकेरी आणि आदरार्थी

कायद्याची कलमे सर्व भाषांत सारखी असतात. मराठीत एक जास्तीची गोष्ट आहे, तिच्याकडे माझ्या वाचनात असलेल्या कोणत्याही मार्गदर्शक सूचनांचे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे एकेरी आणि आदरार्थी रूप.

इंग्रजी बातमीत आरोपी आणि मंत्री दोघांनाही एकच सर्वनाम पुरते. मराठी बातमीदाराला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते : ‘तो म्हणाला’ की ‘ते म्हणाले’, ‘त्याला अटक’ की ‘त्यांना अटक’. या प्रकरणात मी वाचलेल्या बातम्यांत अटक झालेला कामगार पहिल्या दिवसापासून ‘तो’ होता. गुन्ह्याची माहिती पोलिसांना न कळवल्याचा आरोप असलेले संस्थेचे पदाधिकारी मात्र बऱ्याच बातम्यांत ‘ते’ राहिले. दोन्ही आरोपांत फरक आहे, हे मान्य. पण निकालाच्या दृष्टीने दोघेही एकाच ओळीत उभे होते : आरोप आहे, सिद्ध झालेला नाही. मग एकेरी-आदरार्थीचा फरक आरोपामुळे झाला की पगारामुळे, हा प्रश्न विचारावा लागतो. राजकीय पुढाऱ्यावर खुनाचा आरोप असला तरी आपल्या बातम्या त्याला ‘त्यांनी’च म्हणतात, हे आठवले की उत्तर सुचते.

सर्वांना आदरार्थी लिहा, असा माझा आग्रह नाही. चोवीसेक वर्षांच्या तरुणाला एकेरी लिहिणे मराठीत अस्वाभाविक नाही. आग्रह इतकाच की, अटकेच्या आदल्या दिवशी ज्या माणसाला आपण ज्या रूपात लिहिले असते, त्याच रूपात अटकेनंतरही लिहावे. रूप बदलले की निकाल दिला गेला, आणि तो वाचकाच्या नकळत दिला गेला. ‘नराधम’ हा शब्द निदान उघडपणे शिक्षा सुनावतो. त्यावर कोणी हरकत घेऊ शकतो. क्रियापदाच्या शेवटाला कोणी हरकत घेत नाही.

संज्ञांचीही अशीच सरमिसळ दिसते. ‘संशयित’ म्हणजे ज्याच्यावर पोलिसांचा संशय आहे तो, ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, ‘दोषी’ म्हणजे ज्याच्यावरचा आरोप न्यायालयाने सिद्ध मानला तो, आणि ‘गुन्हेगार’ लिहायचे तर ते त्यानंतरच. ‘आरोपपत्र दाखल’ आणि ‘आरोप निश्चित’ हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिले काम पोलीस करतात, दुसरे न्यायालय. ‘कबुली’ हा यांतला सर्वांत घसरडा शब्द. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हा आपल्या पुरावा कायद्याचा जुना नियम आहे आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. ‘आरोपीची गुन्ह्याची कबुली’ हे शीर्षक म्हणजे न्यायाधीशाला जे वाचायला मनाई आहे ते लाखो वाचकांना वाचायला देणे. ते छापायचेच असेल तर ‘पोलिसांपुढील कबुली न्यायालयात ग्राह्य नसते’ हे वाक्य त्याच बातमीत, वरच्या परिच्छेदात हवे.

गाडीतली पाच मिनिटे

आता २३ सप्टेंबरच्या रात्रीच्या बातम्या. त्या रात्री उपलब्ध माहिती एकाच पक्षाची होती. पोलिसांचे म्हणणे असे की, आरोपीने गाडीतल्या एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, त्यात तो अधिकारी जखमी झाला आणि स्वसंरक्षणार्थ दुसऱ्या अधिकाऱ्याने झाडलेली गोळी आरोपीला लागली. दुसरा पक्ष मरण पावला होता. गाडीत तिसरा तटस्थ साक्षीदार नव्हता.

बहुसंख्य शीर्षकांचा साचा असा होता : आरोपीने पिस्तूल हिसकावले, पोलिसांच्या प्रत्युत्तरात ठार. यात ‘पोलिसांनी सांगितले’ हे शब्द नाहीत. बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ते येतात, पण तोवर वाचकाच्या मनात प्रसंग घडून गेलेला असतो. हीच गोष्ट तितक्याच शब्दांत लिहिता येते : ‘बदलापूर प्रकरणातील आरोपीचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू, पिस्तूल हिसकावल्याचा पोलिसांचा दावा’. पहिल्या अर्ध्यात निर्विवाद घटना आहे, दुसऱ्या अर्ध्यात दावा आणि दावेदार. जागा जवळजवळ तेवढीच लागते. ‘एन्काउंटर’ किंवा ‘चकमक’ हे शब्दही येथे दाव्यातच जमा होतात, कारण चकमक म्हटले की दोन्हीकडून मारा झाल्याचे मान्य केलेले असते.

उलट दिशेची चूकही त्याच रात्री झाली. काहींनी लगेच ‘हत्या’ लिहिले. हत्येचा निष्कर्ष काढायलाही तेव्हा पुरावा नव्हता. संशयाची कारणे होती आणि ती विचारणे पत्रकाराचे काम होते : बेडी होती का, गाडीत किती पोलीस होते, गोळी डोक्यात का लागली, पिस्तुलावर ठसे आहेत का. प्रश्न विचारणारी बातमी आणि उत्तर देऊन टाकणारी बातमी यांत अंतर आहे.

पुढच्या दिवसांत मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. आरोपीच्या पार्थिवाला दफनासाठी जागा मिळेना, उल्हासनगरला स्थानिकांच्या विरोधात पोलीस बंदोबस्तात ते उरकावे लागले. निकालाआधीच्या भाषेचे परिणाम मोजायचे तर न्यायाधीशाच्या मनाकडे पाहून भागत नाही. ज्युरी गेली, आता प्रशिक्षित न्यायाधीश वर्तमानपत्राने बहकत नाहीत, असे एक नेहमीचे उत्तर असते. १९५९च्या नानावटी खटल्यात ‘ब्लिट्झ’ने आरोपीच्या बाजूने मोहीम चालवली, ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटले, सत्र न्यायाधीश मेहता यांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे शिक्षा झाली. त्यातून पद्धत सुधारली, हे खरे. पण बदलापुरात खटला न्यायाधीशापर्यंत पोहोचलाच नाही. दफनाची जागा नाकारणारे लोक कुठल्याही न्यायासनावर बसलेले नव्हते.

तोंडी ताशेरे, चौकशी अहवाल आणि आदेश

२५ सप्टेंबरला उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने सुनावणीत पोलिसांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवणे कठीण असल्याचे बोलून दाखवले, डोक्यात गोळी का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी ‘उच्च न्यायालयाने पोलिसांना खोटे ठरवले’ अशा अर्थाच्या बातम्या फिरल्या.

सुनावणीतले बोलणे छापायचे की नाही, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१मध्ये निवडणूक आयोगाच्या एका प्रकरणात दिले आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या तोंडी शेऱ्यांचे वार्तांकन रोखावे, ही आयोगाची मागणी त्याने फेटाळली, कारण खुल्या न्यायालयात काय बोलले जाते ते जनतेला कळलेच पाहिजे. मात्र तोंडी शेरा हा आदेशाचा भाग नसतो, हेही त्याच निकालात आहे. न्यायाधीश प्रश्न विचारून युक्तिवाद तपासत असतात. म्हणून बातमीत ‘विचारले’, ‘म्हटले’, ‘शंका व्यक्त केली’ ही क्रियापदे चालतात. ‘ठरवले’, ‘ठपका ठेवला’, ‘निर्वाळा दिला’ ही क्रियापदे लेखी आदेशासाठी राखून ठेवावीत. हा भेद पाळणे अगदी सोपे आहे आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो.

मग २० जानेवारी २०२५. कोठडीतील मृत्यूची दंडाधिकारी चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६खाली होते. तिचा बंद लिफाफ्यातला अहवाल उच्च न्यायालयात उघडला गेला. त्यात गाडीतले पाच पोलीस मृत्यूला जबाबदार असल्याचा निष्कर्ष होता आणि पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याचा न्यायवैद्यक आधार दिलेला होता. ‘पाच पोलीस दोषी’ हे शीर्षक या दिवसाचे.

दंडाधिकारी चौकशी हा खटला नव्हे. तेथे आरोप निश्चित होत नाहीत, शिक्षा होत नाही. तिचा निष्कर्ष पुढच्या तपासाचा आधार बनू शकतो, त्यापलीकडे नाही. ते लगेच दिसूनही आले. अहवालातील निष्कर्षांना ठाणे सत्र न्यायालयाने स्थगिती दिली, त्यावर उच्च न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बदलून पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे, असे सांगितले. ज्या वाचकाला जानेवारीत ‘दोषी’ सांगितले होते, त्याला पुढच्या चार महिन्यांतला हा सगळा प्रवास अनाकलनीय वाटला असणार. दोषी ठरलेल्यांवर आता गुन्हा नोंदवायचा म्हणजे काय, असे त्याने विचारले तर चूक त्याची नाही.

७ एप्रिलच्या आदेशातला कळीचा शब्द ‘प्रथमदर्शनी’ आहे. दखलपात्र गुन्हा प्रथमदर्शनी दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, इतकेच न्यायालय सांगत होते. ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द शीर्षकातून गाळला की आदेशाचा अर्थ उलटतो. त्या दिवशीचे योग्य शीर्षक मला असे दिसते : ‘कोठडीतील मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवा, उच्च न्यायालयाचा आदेश’. त्यात पोलिसांना सोडलेले नाही आणि टांगलेलेही नाही.

मुलींची ओळख

पोक्सोचे कलम २३ फक्त बालकाचे नाव छापू नका एवढेच म्हणत नाही. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार किंवा ओळख उघड होईल असा कोणताही तपशील माध्यमांत देण्यास ते मनाई करते. बालकाच्या हितासाठी विशेष न्यायालय लेखी कारणे नोंदवून परवानगी देऊ शकते, एवढाच अपवाद. उल्लंघनाला सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत आणि प्रकाशकही जबाबदार धरला जातो.

‘शाळा’ हा शब्द कलमात स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही शाळेचा फलक, फाटक, इमारत सर्वत्र दाखवली गेली. बदलापूरसारख्या गावात शाळा, शिशुवर्ग आणि पूर्व की पश्चिम एवढे सांगितले की शेजारपाजार उरलेले काम करतो. यात केवळ लाजेचा प्रश्न नाही. या खटल्यात मुख्य साक्ष त्या चिमुरड्या मुलींचीच होणार होती. ज्या मुलांसमोर घरात, गल्लीत, पडद्यावर एकच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो, त्यांच्या आठवणीत ऐकलेले आणि भोगलेले मिसळते. मग बचावाचा वकील उभा राहून ‘शिकवलेली साक्ष’ म्हणतो आणि त्याच्याकडे तसे म्हणायला कारण असते. भडक वार्तांकन आरोपीचे नुकसान करते, हे सगळे जाणतात. ते सरकार पक्षाचा, म्हणजे पीडितेचा, पुरावाही पातळ करते, हे सहसा कोणी जाणत नाही.

मग गप्प बसायचे का?

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप उरतो. बदलापुरात लोक रुळांवर उतरले नसते, बातम्या झाल्या नसत्या, तर दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाली असती का? बहुधा नसती. संयमाचा उपदेश नेहमी दुबळ्यालाच केला जातो, असे एका आईने मला सुनावले होते, आणि तिला मी उत्तर देऊ शकलो नव्हतो.

आज देईन ते असे. ‘पोलिसांनी पालकांना तासन्‌तास बसवून ठेवले’ हे वाक्य आणि ‘त्याने हे कृत्य केले’ हे वाक्य, दोन्ही एकाच बातमीत असली तरी एका जातीची नाहीत. पहिले वाक्य सत्तेच्या वर्तनाबद्दल आहे, ठाण्याची नोंदवही, वेळा आणि पालकांचे म्हणणे यांवरून ते आजच तपासता येते, आणि त्यासाठी कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दुसरे वाक्य ठरवायला साक्षी-पुरावा लागतो. पहिल्या प्रकारची वाक्ये कितीही कठोर लिहावीत. उच्च न्यायालयाने स्वतः तीच लिहिली. शाळेत कॅमेरे चालू होते का, कंत्राटी माणसाची पडताळणी झाली होती का, तक्रार कोणी दाबली, हे सगळे प्रश्न निर्दोष मानण्याच्या तत्त्वाला धक्का न लावता विचारता येतात. आपल्या बातम्यांनी तेही विचारले, पण थोडेच दिवस. मोठी जागा ‘नराधमा’ला मिळाली.

कोल्हापूरच्या एका बालिकेवरील अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले होते की, वर्तमानपत्रांनी, दूरचित्रवाणीने किंवा जनआंदोलनाने चालवलेला खटला कायद्याच्या राज्याच्या नेमका उलट आहे. त्या खटल्यात आरोपी सुटला नव्हता. त्याला शिक्षा झाली. म्हणजे हे वाक्य आरोपींच्या लाडाखातर आलेले नाही. शिक्षा देणाऱ्या न्यायालयानेच ते लिहिले आहे, कारण टिकणारी शिक्षा द्यायची तर खटला न्यायालयातच चालवावा लागतो.

बदलापूरच्या त्या दोन मुली उद्या मोठ्या होतील. आपल्यासोबत काय झाले, ते कोणी केले, हे कोणत्या न्यायालयाने सांगितले, असे त्यांनी विचारले तर दाखवायला आरोपीविरुद्धचा निकाल नाही. आरोपपत्र आहे, म्हणजे पोलिसांचे म्हणणे. बातम्यांची कात्रणे आहेत, म्हणजे आपले म्हणणे. पाच पोलिसांच्या बाबतीत निकाल अजून लागायचा आहे, तो जो लागेल तो लागो. तोवर त्यांच्याविषयीच्या बातमीत ‘आरोप’, ‘दावा’, ‘प्रथमदर्शनी’ हे शब्द जागेवर असावेत. त्या कामगाराच्या बातमीत ते असायला हवे होते, तसेच.